‘मदत केली ती दादाने’: क्लेफ्ट, स्युडोक्लेफ्ट आणि नुसता जोर यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा विषय सुरू कुठून झाला?

आमच्या घरच्या चवथीपासून. फोंड्याला आमचं मूळ घर आहे, तिथे आदल्या दिवशी सगळे जमतात आणि संध्याकाळपर्यंत माटोळी बांधून व्हायला लागते. नारळ, सुपारी, चिबूड, तोरिंग, रानातलं जे जे मिळेल ते सगळं गणपतीच्या डोक्यावरच्या चौकटीला टांगायचं, एकट्याचं काम नव्हे. त्या वर्षी माटोळी बाबांनी बांधली आणि मदतीला दादा आणि वहिनी दोघंही होती. रात्री घरच्या ग्रुपवर फोटो पडला आणि खाली कोणीतरी लिहिलं, ‘या वर्षी मदत केली ती दादाने.’ वहिनी म्हणाली, ‘आणि मी काय झोपले होते?’

लिहिणाऱ्याचं म्हणणं, मी खोटं काय बोललो, दादाने मदत केली की नाही? केली. मग वहिनीला लागलं कशाला? मी व्याकरण शिकवते, त्यामुळे मला हा प्रश्न तिथेच सोडवेना. तेव्हापासून वर्गात दर वर्षी हेच उदाहरण घेते आणि मुलं जे विचारतात ते खाली मांडलंय. सगळ्या उत्तरांत घटना हीच धरा: मदत दोघांनी केली, वाक्यात नाव एकट्या दादाचं.

क्लेफ्ट म्हणजे नक्की काय?

एक साधं वाक्य दुभंगून त्याचे दोन तुकडे करायचे. एका तुकड्यात ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेली किंवा ठाऊक आहे असं आपण धरून चाललेली गोष्ट, दुसऱ्यात नवीन, महत्त्वाची गोष्ट, म्हणजे फोकस. ‘दादाने मदत केली’ हे साधं. ‘मदत केली ती दादाने’ हे दुभंगलेलं. मधला ‘ती’ हा सांधा आहे, तो बहुतेक वेळा क्रियापदाच्या लिंगवचनाप्रमाणे चालतो (मदत केली ती, पैसे दिले ते, नारळ आणला तो), आणि ‘आम्ही गेलो ते म्हापशाला’ अशा ठिकाणी नुसता ‘ते’ येतो.

इंग्रजीत यासाठी इट वॉज अमुक हू तमुक अशी रचना आहे आणि क्लेफ्ट हे नाव डेन्मार्कचे भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी दिलं. पण म्हणून मराठीने ही रचना इंग्रजीकडून घेतली असं अजिबात नाही, आपली रचना आपल्याच हाडाची आहे.

आणि स्युडोक्लेफ्ट?

तिथे ठाऊक असलेला भाग जो-तो च्या जोडीत बांधला जातो. ‘ज्याने मदत केली तो दादा.’ किंवा वस्तूबद्दल असेल तर ‘मला जे हवंय ते म्हणजे शांतता.’

दोन्हीत एक फरक आहे जो मला फार आवडतो, कारण तो डोळ्यांना दिसतो, त्यासाठी कुठल्या सिद्धांताची गरज नाही. क्लेफ्टमध्ये फोकस आपली विभक्ती सोडत नाही: ‘मदत केली ती दादाने’, ‘सांगितलं ते वहिनीला’, ‘गेलो ते म्हापशाला’. स्युडोक्लेफ्टमध्ये विभक्ती ‘ज्या’ला लागते आणि फोकस मोकळा उभा राहतो: ‘ज्याने मदत केली तो दादा’, ‘जिला सांगितलं ती वहिनी’. म्हणजे स्युडोक्लेफ्ट हे खरं तर समीकरण आहे, एका बाजूला वर्णन, दुसऱ्या बाजूला नाव. समीकरण मांडायचं तर दोन्ही बाजूंना नाम लागतं, म्हणूनच ‘गेलो ते म्हापशाला’ हे सहज जमतं, पण स्युडोक्लेफ्ट करायला गेलात तर ‘जिथे गेलो ते गाव म्हणजे म्हापसा’ असं मध्ये ‘गाव’ आणून बसवावं लागतं. ‘गेलो ते तुझ्यामुळे’ याचं स्युडोक्लेफ्ट करून बघा, ‘ज्याच्यामुळे गेलो तो तू’ होतं, पण ते भांडणात किंवा कवितेतच शोभतं.

‘जे’ आणि ‘ते’ दिसलं की स्युडोक्लेफ्ट समजायचं का?

नाही. ‘दादाने जे आणलं ते महाग होतं’ हे साधं वर्णन आहे, आणलेल्या वस्तूबद्दल काहीतरी सांगितलं, वस्तू कुठली ते सांगितलंच नाही. ‘दादाने जे आणलं ते म्हणजे तोरिंग’ इथे वस्तू ओळखून दिली. ओळखून देणारं तेच स्युडोक्लेफ्ट. वाक्यात ‘म्हणजे’ सहज बसत असेल तर ओळख, बसत नसेल तर वर्णन: ‘जे आणलं ते म्हणजे महाग’ असं कोणी बोलत नाही. हा फरक रॉजर हिगिन्स यांनी १९७० च्या दशकात इंग्रजीवर काम करताना नीट मांडला, मराठीत ‘म्हणजे’ तो आपल्याला फुकटात दाखवतो.

क्लेफ्टमध्येही असाच एक चकवा आहे. ‘दादाने आणलं ते तोरिंग’ इथे थांबलात तर क्लेफ्ट. पण ‘दादाने आणलं ते तोरिंग गोड निघालं’ असं पुढे गेलात तर ते नुसतं ‘दादाने आणलेलं तोरिंग’ आहे, क्लेफ्ट वगैरे काही नाही. म्हणून मी उदाहरणात मुद्दाम ‘दादाने’ हा विभक्तीवाला शब्द घेते, तिथे हा गोंधळ होत नाही.

मग नुसता जोर देऊन बोललं तर काय बिघडतं? ‘मदत दादाने केली.’

बिघडत काहीच नाही, उलट रोजच्या बोलण्यात तेच बरोबर आहे. मराठीत जोराचा शब्द क्रियापदाच्या लगेच आधी आणला आणि आवाज तिथे थोडा उचलला की काम झालं. कोणी विचारलं ‘मदत कोणी केली?’ की उत्तर ‘मदत दादाने केली.’

जोर करतो काय, तर पर्याय जागे करतो. दादा, वहिनी, काका, शेजारचा पोरगा, कोणीही करू शकला असता, त्यातून दादाचं नाव मी घेतलं. फोकस म्हणजे पर्यायांचा संच ही मांडणी मॅट्स रूथ यांनी १९८५ च्या प्रबंधात केली आणि आज बहुतेक लोक तिथूनच सुरुवात करतात. आता ऐकणारा स्वतःच्या मनाशी म्हणतो, हिला सगळं माहीत असणार, वहिनीनेही केली असती तर सांगितलं असतं, सांगितलं नाही म्हणजे केली नसावी. हा ऐकणाऱ्याने काढलेला अंदाज आहे, वाक्याने दिलेला शब्द नव्हे. म्हणूनच तो परत घेता येतो: ‘मदत दादाने केली, हां, आणि वहिनीनेही.’ कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही.

आणि क्लेफ्टमध्ये तो परत घेता येत नाही?

इथेच सगळी गंमत आहे. म्हणून बघा: ‘मदत केली ती दादाने, आणि वहिनीनेही.’ अडखळल्यासारखं होतं ना? बोलणाऱ्याने आधी चुकीचं सांगितलं आणि मग सावरलं असं वाटतं. कारण क्लेफ्ट यादी बंद करतं. मदत करणाऱ्यांची यादी काढली, त्यावर एवढंच नाव आहे, झालं. यालाच तांत्रिक भाषेत एक्झॉस्टिव्हिटी म्हणतात, मी वर्गात ‘यादी बंद’ म्हणते.

‘सुद्धा’ लावून बघितलं तर अजून स्पष्ट होतं. ‘मदत दादानेसुद्धा केली’ चालतं. ‘मदत केली ती दादानेसुद्धा’ नाही चालत, ‘ज्याने मदत केली तो दादासुद्धा’ तर मुळीच नाही. ‘सुद्धा’ म्हणतो यादीत अजून कोणीतरी आहे, रचना म्हणते यादी संपली, दोघांचं जमणार कसं? हंगेरियन भाषेवर काम करणाऱ्या कॅटलिन ए. किश यांनी १९९८ साली याच प्रकारच्या कसोट्यांवरून सांगितलं की फोकस एक नव्हे, दोन जातीचे असतात, एक नुसती माहिती देणारा आणि एक ओळख पटवून बाकीच्यांना बाहेर ठेवणारा. हंगेरियनमध्ये दुसऱ्या जातीची जागा क्रियापदाच्या लगेच आधी ठरलेली आहे. मराठीतही क्रियापदाच्या आधीची जागा जोराची, पण आपली ती जागा यादी बंद करत नाही, ‘सुद्धा’ तिथे आरामात बसतो. जागा सारखी दिसली म्हणून काम सारखं समजू नये.

म्हणजे क्लेफ्ट = ‘फक्त’, बरोबर?

नाही, आणि हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो म्हणून जरा सावकाश घेते.

लॉरेन्स हॉर्न यांनी १९८१ मध्ये इंग्रजीत एक कसोटी दिली, ती मराठीत जशी बसते तशी सांगते. समजा मला आधीपासून ठाऊक आहे की दादाने मदत केली. बाकी कोणी केली की नाही ते ठाऊक नव्हतं, आत्ता कळलं की दुसरं कोणीच नव्हतं. मी म्हणू शकते: ‘दादाने मदत केली हे मला माहीत होतं, पण फक्त दादाने केली हे आत्ता कळलं.’ एकदम ठीक. आता क्लेफ्ट घाला: ‘दादाने मदत केली हे मला माहीत होतं, पण मदत केली ती दादाने हे आत्ता कळलं.’ विचित्र वाटतं, एकच गोष्ट माहीत होती आणि माहीत नव्हती असं झालं.

‘फक्त’च्या वाक्यात ‘दुसरं कोणी नाही’ ही बातमी आहे, म्हणून ती ‘आत्ता कळू’ शकते. क्लेफ्टच्या वाक्यात बातमी आहे ती ‘दादा’, आणि ‘दुसरं कोणी नाही’ हे मागच्या दाराने आत आलंय, जणू ते आपलं आधीच ठरलेलं होतं की मदत करणारं जे कोणी आहे ते एका नावात सांगायचं. ‘फक्त’ यादी बंद झाल्याचं सांगतो. क्लेफ्ट यादी बंद आहे असं धरून चालतं.

नकार घातला की हेच परत दिसतं. ‘फक्त दादाने मदत केली असं नाही’ म्हणजे दादाने केली, शिवाय अजून कोणीतरी केली. पण ‘मदत केली ती दादाने नव्हे’ याचा अर्थ असा निघतच नाही. त्याचा अर्थ, कोणीतरी दुसऱ्याने केली, दादाने नव्हे. यादी बंद असणं ही क्लेफ्टची मुख्य बातमी असती तर नकाराने तीच खोडली असती, आणि वहिनी नुसतं ‘दादाने नव्हे’ म्हणून हक्काने भांडू शकली असती. ती तसं म्हणू शकली नाही, कारण दादाने केली हे तर खरंच. तिला ‘आणि मी काय झोपले होते?’ असा वळसा घ्यावा लागला, कारण जे खुपत होतं ते वाक्यात म्हटलेलं नव्हतं, धरून चाललेलं होतं. सरळ म्हटलेल्या गोष्टीला ‘नाही’ म्हणता येतं, धरून चाललेल्या गोष्टीला थांबवायचं तर ‘अरे थांब, हे कुठून आलं?’ असं म्हणावं लागतं.

नकाराची अजून काही कसोटी आहे?

आहे एक, यादीची नव्हे, अस्तित्वाची. ‘मदत दादाने नाही केली, खरं तर कोणीच नाही केली, बाबांनी एकट्याने बांधली.’ हे चालतं. ‘मदत केली ती दादाने नव्हे, खरं तर कोणीच नाही केली.’ इथे अडकतं, कारण ‘मदत केली ती’ म्हणतानाच कोणीतरी केली हे आपण मान्य करून बसलो. आणि शब्द बघा: जोराच्या वाक्यात ‘नाही’, क्लेफ्टमध्ये ‘नव्हे’. ‘नाही’ क्रियेला खोडतो, ‘नव्हे’ ओळखीला खोडतो. जुनी माणसं हा फरक अजून कडक पाळतात, तरुण मुलं दोन्हीकडे ‘नाही’ म्हणतात, पण तरीही अडकतं ते तिथेच.

‘च’ लावला की काम होत नाही का? ‘दादानेच मदत केली.’

‘च’ हा आपला लाडका प्रत्यय, कोकणीतही आहे, त्यामुळे गोव्यात तर तो दोन्ही बाजूंनी येतो. पण ‘च’ एकच काम करत नाही. ‘दादानेच केली’ म्हणजे दुसऱ्या कोणी नाही, हा एक अर्थ. ‘मी म्हटलं होतं ना, दादानेच केली’ इथे ठासून सांगणं आहे. ‘शेवटी दादानेच केली’ इथे ज्याच्याकडून अपेक्षा नव्हती त्याने, असाही सूर लागतो. आणि ‘च’ नकाराखाली सरळ जात नाही: ‘दादानेच नाही केली मदत’ याचा अर्थ ‘एकट्या दादाने केली असं नाही’ असा होत नाही, ‘नेमकी दादानेच केली नाही’ असा होतो, म्हणजे बाकीच्यांनी केली, हा बसून राहिला. यादी फिरली पूर्ण! त्यामुळे ‘च’, ‘फक्त’ आणि क्लेफ्ट हे तीन वेगळे आहेत आणि म्हणूनच ते एकत्रही येतात, ‘मदत केली ती फक्त दादानेच’, आणि आपल्याला त्यात पुनरुक्ती फारशी खटकत नाही.

स्युडोक्लेफ्टची यादी क्लेफ्टपेक्षा घट्ट बंद होते का?

मूळ वेगळं आहे एवढं नक्की. ‘ज्याने मदत केली तो’ हा शब्दसमूहच ‘तो’मुळे निश्चित होतो, मदत करणारं जे कोणी आहे ते सगळं त्यात आलं, आणि ते सगळं म्हणजे दादा. यादी बंद होणं इथे जो-तो जोडीच्या अर्थातून सरळ निघतं. दोघं असतील तर जोडीच बदलावी लागते, ‘ज्यांनी मदत केली ते दादा आणि वहिनी.’ क्लेफ्टमध्ये ते नक्की कुठून निघतं यावर अजून वाद चालू आहे, काहींच्या मते तिथेही आत एक लपलेलं ‘ते’ आहे.

माणसं प्रत्यक्षात हे कितपत पाळतात हे बघायला जर्मन भाषेवर प्रयोग झाले, २०१८ साली छापून आले. त्यात क्लेफ्ट आणि स्युडोक्लेफ्ट दोन्ही जवळजवळ सारखेच वागले आणि दोन्हीतलं बंधन ‘फक्त’ इतकं घट्ट निघालं नाही, ऐकणाऱ्यांचेच दोन गट पडले, एक यादी बंद धरणारा, एक न धरणारा. मला यात नवल वाटलं नाही. आमच्या ग्रुपवर तरी दुसरं काय झालं? लिहिणारा एका गटातला, वहिनी दुसऱ्या.

‘झालं काय, तर…’ हे पण स्युडोक्लेफ्टच का?

माझ्या मते हो, आणि बोलण्यातलं सगळ्यात जिवंत. ‘दादाने केलं काय, तर वर चढून दोर बांधला.’ अख्खी कृती फोकस करायची असेल तर हीच रचना लागते, ‘ती/ते’वाल्या क्लेफ्टने जमत नाही. फक्त इथे यादी बंद होत नाही बरं का. ‘केलं काय, तर आधी वर चढला, मग दोर मागितला, मग…’ अशी गोष्टच सुरू होते. प्रश्न आपणच विचारून आपणच उत्तर देतोय, आणि उत्तर लांबवायला मोकळे आहोत.

‘मदत केली कोणी?’ आणि ‘मदत कोणी केली?’ यात फरक आहे का?

आहे. दुसरा साधा प्रश्न. पहिल्यात प्रश्नाचा शब्द क्रियापदाच्या मागे गेला, म्हणजे केली हे ठरलेलं, आता नाव सांग. ‘हे केलं कोणी?’ असं आई ओरडते तेव्हा कोणीच केलं नाही हे उत्तर चालत नाही. मी याला सांधा गळालेलं क्लेफ्ट समजते. ‘राबली वहिनी, नाव झालं दादाचं’ हेही त्याच जातीचं.

कुठे क्लेफ्ट दिसतं पण यादीचा संबंध नसतो?

दोन ठिकाणी. एक, गोष्ट सांगताना: ‘आम्ही निघालो ते थेट म्हापशाला’, ‘तो गेला तो गेलाच’. इथे ‘ते’ कथा पुढे ढकलतो, बाकीची गावं वगळत नाही.

दुसरं, माहिती देणारं क्लेफ्ट. ‘गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी.’ ‘विलीनीकरण नको हे ठरलं ते १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात.’ ‘गोवा घटकराज्य झालं ते ३० मे १९८७ ला.’ वाचणाऱ्याला पहिला भाग ठाऊक नसेल तरी वाक्य चालतं, त्याला तो नव्यानेच कळतो, पण सर्वमान्य गोष्ट म्हणून कळतो. एलन प्रिन्स यांनी १९७८ मध्ये इंग्रजी क्लेफ्टमधली ही जात वेगळी काढली. यादी इथे बंदच आहे, पण घटना एकदाच घडलेली असल्यामुळे त्याचं कोणाला काही वाटत नाही.

याचा गैरवापरही याच दाराने होतो. ‘गावाचं नुकसान झालं ते या रस्त्यामुळे’ असं लिहिलं की नुकसान झालं हे सिद्ध करायची गरजच उरत नाही आणि बाकीची कारणंही गपचूप बाहेर जातात. बातमी तपासताना मी अशा वाक्याचं आधी साधं वाक्य करते, ‘या रस्त्यामुळे गावाचं नुकसान झालं’, आणि मग विचारते, झालं का? आणि अजून कशाने?

इंग्रजीतून भाषांतर करताना काय करावं?

‘तो दादा होता ज्याने मदत केली’ असं लिहू नये, एवढं कृपा करून पाळा. आमच्याकडे इंग्रजी माध्यमातली मुलं हे सर्रास लिहितात. ‘तो दादा होता’ वाचून मराठी माणसाला अंधारात कोणीतरी दिसलं असं वाटतं. आधी बघा मूळ वाक्य करतंय काय. कोणी या प्रश्नाचं साधं उत्तर असेल तर ‘मदत दादाने केली’. कोणाचं तरी म्हणणं खोडायचं असेल तर ‘मदत केली ती दादाने, काकाने नव्हे’. दुसरं कोणी नाही हीच बातमी असेल तर ‘फक्त दादाने’.

ग्रुपवर मग काय लिहायला हवं होतं?

‘मदत दादाने आणि वहिनीने केली.’ पुढच्या चवथीला फोटोखाली तेच लिहिलं गेलं, आणि त्याखाली वहिनीने लिहिलं, ‘तोरिंग आणलं ते मी.’ ते मात्र तिने एकटीनेच आणलं होतं.